बरणीतली सुगंधी मेणबत्ती: मेण, वात आणि आच

घरी ओतलेल्या सुगंधी मेणबत्त्यांच्या तक्रारी बहुतेक दोनच असतात. एक म्हणजे मधोमध खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच उभं राहतं आणि वात त्या खड्ड्यात बुडून विझते. दुसरी बरोबर उलटी: ज्योत बोटापेक्षा उंच, सारखी फडफडणारी, बरणीच्या काठाला काळा पट्टा आणि काचेला हात लावायची सोय नाही. अशा वेळी लोक मेण बदलतात, सुगंधी तेल बदलतात, ओतण्याचं तापमान बदलतात. पण दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. वात त्या बरणीला जुळलेली नसते.

हे जुळणं समजून घ्यायचं तर ज्योतीत नेमकं काय जळतं ते आधी पाहू. घट्ट मेण जळत नाही आणि वितळलेलं मेणही तसंच्या तसं जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण पातळ होतं, कापसाच्या धाग्यांमधून वर चढतं, वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. खात्री करायची असेल तर मेणबत्ती फुंकरून विझवा आणि वातीतून पांढरा धूर निघत असतानाच पेटती काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पुन्हा पेटवते. तो धूर म्हणजे न जळलेली मेणाची वाफच असते.

म्हणजे वातीचं काम इंधन पुरवण्याचं. वात बारीक असेल तर इंधन कमी, ज्योत लहान, आणि तिची ऊब बरणीच्या काठापर्यंत पोचतच नाही. वात जाड असेल तर जितकी वाफ तयार होते तितकी जाळायला हवा पुरत नाही आणि उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. समईत वात जास्त पुढे ओढली की वरच्या मोराला काजळी धरते, तसंच हे.

समईपेक्षा बरणीत एक अडचण जास्त असते. समईत तेलाची पातळी आपण राखतो. बरणीत मेण खाली खाली जातं आणि ज्योतही त्याच्याबरोबर खाली उतरते. सुरुवातीला ज्योत काठाजवळ, मोकळ्या हवेत असते. अर्धं मेण संपलं की तीच ज्योत काचेच्या भिंतींच्या आत, एका खोलगट जागेत जळत असते. तिथे उष्णता साठते, मेण जास्त भराभर वितळतं. त्यामुळे पहिल्या दिवशी अगदी बेताची वाटलेली वात शेवटच्या तिसऱ्या भागात भारी पडू शकते. हे ध्यानात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी बरणी

बहुतेक जण मेणापासून सुरुवात करतात. माझं मत: आधी बरणी ठरवा, कारण वातीचा आकार तिच्या आतल्या व्यासावर ठरतो. मोजपट्टी आतल्या बाजूने धरा, बाहेरचं माप उपयोगाचं नाही. बरणी वरपासून खालपर्यंत सरळ हवी. कटिंग चहाचा ग्लास दिसतो छान, पण तो खाली निमुळता होतो. वरच्या रुंदीला जुळणारी वात तळाशी गेल्यावर जादा ठरते. याउलट जॅमच्या काही बाटल्यांचं तोंड अरुंद आणि पोट मोठं असतं. त्यात आतली गरम हवा कोंडते आणि खांद्याजवळची काच विनाकारण तापते.

काच जाडसर आणि सगळीकडे सारखी असावी. काठावरून आणि तळावरून बोट फिरवा. टवका, चरा किंवा मोठा बुडबुडा लागला तर ती बरणी लोणच्याला वापरा. करवंटी, लाकडी वाटी, प्लॅस्टिकचा डबा यांत मेणबत्ती ओतू नये. फोटोत त्या कितीही सुंदर दिसल्या तरी करवंटी आणि लाकूड पेट घेऊ शकतात आणि प्लॅस्टिक मऊ पडतं.

या लेखापुरती आपण आतून ६.५ सेंटिमीटर व्यासाची, सरळ भिंतींची काचेची बरणी घेऊ. साधारण दोन-अडीचशे मिलिलिटरच्या बरणीत वर बोटभर जागा सोडून १५० मिलिलिटर मेण भरायचं, असं धरू.

कोणतं मेण

बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते पॅराफिन. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघतं आणि लाद्यांच्या रूपात विकलं जातं. लादीवर किंवा दुकानदाराच्या तोंडी '५८-६०' असा आकडा येतो, तो त्याचा वितळण्याचा पट्टा, अंश सेल्सिअसमध्ये. असं कडक पॅराफिन साच्यातल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मेणबत्त्यांचं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत नवसासाठी हाता-पायाच्या, घराच्या आकाराच्या मेणबत्त्या मिळतात, तशा आकारांना साच्यातून अखंड सुटून येणारं कडक मेण लागतं. थंड होताना ते आकसतं, म्हणूनच साच्यातून सुटतं. बरणीत मात्र हाच गुण दोष ठरतो. मेण काचेपासून सुटतं, वातीभोवती खड्डा पडतो, आणि काठापर्यंत वितळवायला जास्त उष्णता लागते. बरणीसाठी पॅराफिन घ्यायचं तर कमी तापमानाला वितळणारं, 'कंटेनर' म्हणून विकलं जाणारं घ्यावं.

सोया मेण म्हणजे हायड्रोजनेशन करून घट्ट केलेलं सोयाबीन तेल. वनस्पती तूपही याच प्रक्रियेने बनतं, पण म्हणून वनस्पती तुपाच्या मेणबत्त्या करायला जाऊ नये. ते फार मऊ असतं. बरणीसाठीचं सोया मेण चुऱ्याच्या किंवा फ्लेक्सच्या रूपात येतं आणि साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. ते काचेला धरून राहतं, आकसतं कमी, संथ जळतं. सांडलं तर गरम पाण्याने आणि साबणाने निघतं, हा घरच्या ओट्यावर काम करणाऱ्याला मोठाच फायदा. त्याची खोड अशी की थंड झाल्यावर पृष्ठभागावर पांढरट, बुरशीसारखे दिसणारे ठसे उमटतात. तो वनस्पतिजन्य मेणाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. रंग घातला की ते ठसे जास्त दिसतात, म्हणून सोया मेण मी बिनरंगीच ठेवावं म्हणेन.

आता ४५ ते ५० अंश हा आकडा विदर्भ-खानदेशातल्या माणसाने पुन्हा वाचावा. मे महिन्यात अकोल्यात, जळगावात बाहेरचा पारा ४४-४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीत किंवा कुरिअरच्या खोक्यात तो आणखी वर जातो. तिथे सोया मेण मऊ पडतं, वर तेलाचे थेंब येतात, वात कलते. अशा ठिकाणी सोया आणि पॅराफिन यांचं तयार मिश्रण बरं. मुंबई, कोकण, पुणे इथे घरात ठेवायच्या मेणबत्तीला नुसतं सोया पुरतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, महाग असतं, आणि त्याला स्वतःचाच मधाळ वास असतो. त्यात मोगऱ्याचा सुगंध घालून दोन्हींची चव बिघडवण्यात अर्थ नाही.

'सोया शुद्ध आणि पॅराफिन विषारी' असं सर्रास ऐकू येतं. काजळीपुरतं सांगायचं तर चुकीच्या वातीने सोयाचीही भरपूर काजळी धरते आणि बेताच्या वातीने पॅराफिनही स्वच्छ जळतं. तेव्हा आपल्या हवामानाला आणि बरणीला काय जमतं ते बघून निवडा.

माप आणि सुगंध

मेण मिलिलिटरमध्ये मोजू नका, ग्रॅममध्ये मोजा. रिकामी बरणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत पाणी भरा. आपल्या बरणीत १५० ग्रॅम पाणी बसलं. वितळलेलं मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, साधारण ०.८७ पट. म्हणजे तेवढ्याच जागेत सुमारे १३० ग्रॅम मेण बसेल. माप झालं की बरणी कोरडी ठणठणीत पुसून, वाळवून घ्या. तळाशी राहिलेला पाण्याचा एक थेंबही पुढे वातीशी येऊन तडतडतो.

सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्के घालतात. आपण ८ टक्के धरू. या १३० ग्रॅममध्ये मेण आणि तेल दोन्ही आले पाहिजेत, म्हणून १३० ला १.०८ ने भागायचं: मेण १२० ग्रॅम, तेल ९.६ ग्रॅम. घरगुती काट्याला दशांश ग्रॅम कळत नाहीत, त्यामुळे एका बरणीचं मिश्रण करण्यापेक्षा चार बरण्यांचं एकदम करणं चांगलं. ४८० ग्रॅम मेणाला ३८ ग्रॅम तेल. इथे अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तरी बिघडत नाही.

जास्त तेल घातलं म्हणजे जास्त दरवळ, हा समज खरा नाही. मेण ठरावीक तेलच धरून ठेवतं. त्यापुढचं तेल घामासारखं वर येतं, तळाशी साचतं, वातीत अडकतं, आणि क्वचित त्या तेलानेच भडका उडतो. मेणाच्या पाकिटावर कमाल टक्केवारी दिलेली असते, ती ओलांडू नये.

तेल मेणबत्तीसाठीच केलेलं हवं. अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं. ते गरम मेणात घालणं म्हणजे गॅसशेजारी स्पिरिटची बाटली उघडणं. गुलाबपाणी आणि केकमध्ये घालायचा व्हॅनिला इसेन्स मेणात मिसळतच नाहीत, थेंब होऊन तळाशी बसतात. रंगासाठी लहान मुलांचे मेणखडू किसून घालू नयेत, कारण त्यातले रंगकण वातीचे धागे बुजवतात आणि ज्योत हळूहळू गुदमरते. वर पसरलेल्या सुक्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनीचे तुकडे तर सरळ धोका. ज्योत जवळ आली की ते पेटतात आणि एका बरणीत चार-चार वाती जळू लागतात.

वात

देवापुढची फुलवात किंवा वळलेला कापसाचा दोरा यांनी काम भागेल असं वाटतं. तुपात-तेलात ते भागतं. मेणबत्तीत वळलेला दोरा सरळ उभा राहतो, त्याचं टोक ज्योतीच्या मधोमध, जिथे हवा कमी तिथे राहतं आणि नीट जळत नाही. पूर्वी अशा मेणबत्त्यांची वात जळता जळता सारखी कातरावी लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी विणलेली वात आणली आणि ती कटकट बरीच कमी झाली. विणकामाच्या ताणामुळे वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे भरपूर हवा मिळून राख होऊन जातं. म्हणून विणलेली, मेणात बुडवून कडक केलेली, तळाला धातूची चकती लावलेली तयार वात विकत घ्यावी. चार रुपये वाचवायची ही जागा नाही.

चकतीकडे नीट बघा. तिच्या मध्यावर एक नळी असते, वात त्यातून जाते. ही नळी जितकी उंच, तितकं मेण तळाशी उरलेलं असताना वातीचा पुरवठा तुटतो आणि मेणबत्ती आपोआप विझते. बरणीसाठी नळी किमान ६ मिलिमीटर उंच असावी. ती अगदी बुटकी असेल तर ज्योत थेट तळाच्या काचेवर जळत राहते आणि काच तडकण्याची वेळ बहुधा तीच असते.

वाती मालिकेने विकल्या जातात: सीडी, ईको वगैरे. आकडा वाढेल तशी वात जाड. एका मालिकेतला ८ आणि दुसऱ्या मालिकेतला ८ सारखे नसतात. विक्रेत्याच्या तक्त्यात व्यासासमोर वातीचा क्रमांक असतो, पण तो तक्ता बहुतेक वेळा बिनसुगंधी मेणावर बेतलेला असतो. वितळलेलं सोया जरा दाट असतं, सुगंधी तेलाने त्यात आणखी फरक पडतो, म्हणून पॅराफिनपेक्षा सोयाला सहसा एक-दोन क्रमांक जाड वात लागते. आपल्या ६.५ सेंटिमीटरच्या सोया बरणीसाठी सीडी मालिकेतल्या ८, १० आणि १२ अशा तीन वाती घेऊ आणि तीन सारख्या बरण्यांत लावू. चौथी बरणी सुटा माल म्हणून बाजूला ठेवू. हा खर्च टाळून एकच वात अंदाजाने लावणारे पुढे महिनाभर अंदाजच करत बसतात.

चकती तळाच्या बरोबर मध्यावर, त्यासाठीच्या चिकट गोल स्टिकरने दाबून बसवा. वर कपड्यांचा चिमटा आडवा ठेवून वात त्यात पकडा म्हणजे मेण गोठेपर्यंत ती सरळ राहील. वात एका बाजूला गेली तर त्या बाजूची काच भाजते आणि दुसऱ्या बाजूला मेण शिल्लक राहतं.

मेण वितळवताना

मेण थेट गॅसवर ठेवू नये, हे सगळेच सांगतात. का, ते समजून घेतलं तर नियम पाळायला सोपा जातो. मेण तापत गेलं की ते दुधासारखं उकळून इशारा देत नाही. शांतच राहतं, आणि एका तापमानाला त्यातून इतकी वाफ निघू लागते की जवळची ठिणगी किंवा गॅसची ज्योत ती पेटवू शकते. बहुतेक मेणांत ही पातळी २०० अंशांच्या आसपास किंवा वर असते. पातळ बुडाच्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, थोडं मेण तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

पाण्यात ठेवलेल्या भांड्यातलं मेण मात्र १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, कारण पाणी त्याच्यावर तापत नाही. सुरक्षेचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. म्हणून रुंद पातेल्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी घ्या, तळाशी कुकरची जाळी किंवा स्टीलची रिंग ठेवा आणि तिच्यावर मेणाचा जग. जगाचा तळ पातेल्याला टेकता कामा नये. जग चोच असलेला, दांड्याचा, स्टीलचा असावा आणि पुन्हा स्वयंपाकात जाऊ नये, कारण सुगंधी तेलाचा वास त्यातून जात नाही. आच मध्यम ठेवा. पाणी नुसतं हलतं राहिलं तरी पुरे; खळखळ उकळलं तर वाफेचे थेंब मेणात पडतात.

आणि पाण्यावर नजर ठेवा. पाणी आटलं की ते साधन पुन्हा साधं तापलेलं पातेलंच झालं, १०० अंशांची मर्यादा संपली. मधेच बेल वाजली, फोन आला, तर आधी गॅस बंद.

तापमान मोजायला स्वयंपाकाचा, दांडीचा थर्मामीटर लागतो. तापाचा चालत नाही. तो ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो. सोया मेण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवा, सगळे फ्लेक्स विरघळून ते स्वच्छ तेलासारखं दिसलं पाहिजे. मग गॅस बंद करा, जग बाहेर काढून कोरड्या फडक्यावर ठेवा, बाहेरचं पाणी पुसा आणि आता मोजलेलं तेल घाला. दोन मिनिटं सावकाश, तळापासून ढवळा. फेस काढण्याच्या जोमाने ढवळलं तर हवा शिरते आणि वर बुडबुड्यांची जाळी उमटते.

तेलाच्या बाटलीवर 'फ्लॅश पॉइंट' लिहिलेला असतो, समजा ६५ अंश. त्यावरून अनेकांचा समज होतो की ६५ च्या वर घातलं तर सुगंध उडून जाईल. त्या आकड्याचा सुगंध टिकण्याशी संबंध नाही. त्या तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते हे तापमान. तेव्हा ८० अंशांच्या मेणात तेल घातलं म्हणून वास कमी होत नाही, उलट ते नीट मिसळतं. फक्त घालताना शेजारी गॅस पेटलेला नको आणि उघडी बाटली तापलेल्या शेगडीजवळ नको.

मेण ५५ ते ६० अंशांवर आलं की एका धारेने, हळू, बरण्यांत ओता. पॅराफिन असेल तर ७०-७५ अंशांना ओतावं लागतं. पाकिटावर वेगळं सांगितलं असेल तर ते माना. थंडीत बरण्या गार असतात, त्या आधी कोमट करून घ्या, नाहीतर मेण काचेवर आदळताच गोठून आडव्या रेषा पडतात. बरण्यांत दोन-तीन बोटं अंतर ठेवा आणि पंखा बंद ठेवा. पंख्याखाली वरचा थर आधी गोठतो, आतलं मेण नंतर आकसतं आणि वातीशेजारी भोक पडतं. फ्रिजमध्ये ठेवून घाई करणाऱ्यांची काच आणि मेण दोन्ही एकमेकांपासून सुटतात.

समजा मेणातून धूर येताना दिसला, तर तो पहिला आणि बहुधा शेवटचा इशारा. गॅस बंद करा, झाकण घाला, जागचं हलवू नका. पेट घेतला तरी हेच: गॅस बंद, वर घट्ट झाकण, ते थंड होईपर्यंत काढायचं नाही. पाणी कधीही ओतू नये. पाणी मेणापेक्षा जड असल्याने खाली बुडतं, क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ती वाफ पेटतं मेण वर उडवते आणि भडका छतापर्यंत जातो. म्हणून काम सुरू करण्याआधीच जगावर आणि पातेल्यावर बसेल असं झाकण हाताशी काढून ठेवा. हातावर गरम मेण पडलं तर ओरबाडू नका, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. गोठलेलं मेण मग आपसूक सुटलं तर सुटलं, कातडीला चिकटलं असेल तर डॉक्टरांना काढू द्या.

जाळून बघणं

मेण गोठलं म्हणजे मेणबत्ती तयार झाली असं नाही. पॅराफिनला दोन-तीन दिवस आणि सोयाला आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवलं की जळताना सुगंध चांगला पसरतो. दुसऱ्याच दिवशी पेटवून 'वास येत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

आता आपल्या तीन बरण्या. वाती ५-६ मिलिमीटरवर कातरा, प्रत्येक बरणीचं वजन लिहून ठेवा, पंखा बंद करा आणि तिन्ही एकदम पेटवा. आपल्याकडे पंखा बंद ठेवणं ही सगळ्यांत अवघड अट आहे, पण वाऱ्यात फडफडणारी ज्योत कोणत्याही वातीने काजळीच काढते आणि चाचणीतून काही कळत नाही. दर तासाला वितळलेल्या मेणाचं तळं किती रुंद आणि किती खोल झालं ते बघा. ढोबळ हिशेब असा की दर अडीच सेंटिमीटर रुंदीला एक तास. आपल्या बरणीत तळं काठाला लागायला अडीच-तीन तास हवेत. खोली सहा ते बारा मिलिमीटर असावी. चार तासांनी विझवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा वजन करा.

८ क्रमांकाच्या बरणीत चार तासांनी समजा मध्यावर चार-साडेचार सेंटिमीटरचं तळं आहे आणि भोवती बोटभर कोरडं मेण. पुढच्या दोन वेळांतही ती कड वितळली नाही, तर वात बारीक. १२ क्रमांकाच्या बरणीत पहिल्याच तासा-दीड तासात तळं काठाला लागलं, ज्योत चार सेंटिमीटरच्या वर गेली, वातीच्या टोकाला काळा अळिंबीसारखा गोळा धरला. ही बघताना छान वाटते, खोलीभर वासही येतो. नवशिके इथेच फसतात आणि हीच वात निवडतात. पण वरच इतकी तापणारी बरणी निम्म्यावर आल्यावर हातात धरवणार नाही.

१० क्रमांकाच्या बरणीत चार तासांनी काठाशी दोन-चार मिलिमीटरची पातळ कड उरली, ज्योत अडीच-तीन सेंटिमीटर आणि स्थिर. पहिल्या वेळी ही कड दिसली तर चिंता नको. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ज्योत काचेच्या आत उतरली की ती आपोआप वितळते. वजनही साक्ष देतं: चार तासांत सुमारे २० ग्रॅम मेण जळलं असेल, म्हणजे तासाला ५ ग्रॅम, तर १३० ग्रॅमची बरणी पंचविसेक तास चालेल. तासाला ७-८ ग्रॅम जात असेल तर वात जादा आहे.

ही चाचणी अर्ध्यावर सोडू नये. रोज चार तास, दर वेळी वात कातरून, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत. निम्म्याच्या खाली गेल्यावर काच जास्त तापली, ज्योत लांबली, तळं दीड सेंटिमीटरच्या पुढे खोल गेलं, तर एक क्रमांक खाली या, वरच्या थरात थोडी कड राहिली तरी चालेल. आणि यातली एकही गोष्ट बदलली, म्हणजे मेण, बरणी किंवा नुसतं मोगऱ्याऐवजी चंदनाचं तेल, तर चाचणी पुन्हा करावी लागते. चंदन, ऊद, व्हॅनिला यांसारखी जड तेलं वातीतून वर चढायला जड जातात. मोगऱ्याला १० पुरली म्हणून चंदनालाही १० पुरेल असं नाही.

कुणाला भेट द्यायची असेल तर तळाला चिठ्ठी चिकटवा: एका वेळी चार तासांहून जास्त नको, पेटवण्याआधी वात कातरा, पडद्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा. रिकामी बरणी पुन्हा वापरायची तर त्या उरलेल्या मेणावर गरम, पण उकळतं नसलेलं पाणी ओता. मेण वितळून वर तरंगेल, गार झाल्यावर त्याची चकती उचलून घ्या आणि कचऱ्यात टाका. ते पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी गाळून घ्या, कारण पाइपमध्ये गोठलेलं मेण काढायला प्लंबर लागतो.